दोन ठोकळे, तीन स्प्रिंगा आणि एक फसवा प्रश्न

तोंडी परीक्षा घ्यायला बसलो की मी एक प्रश्न हटकून विचारतो. घर्षण जवळजवळ नसलेल्या पट्टीवर दोन सारखे ठोकळे आहेत. पहिला एका स्प्रिंगने डाव्या भिंतीला बांधलाय, दुसरा तशाच स्प्रिंगने उजव्या भिंतीला, आणि दोघांच्या मध्ये तिसरी, जरा मऊ स्प्रिंग आहे. आता सांगा, पहिल्या ठोकळ्याची वारंवारता किती?

मुलं लगेच कागद ओढतात. आकडे मी सोपे दिलेले असतात: प्रत्येक ठोकळा १ किलोचा, भिंतीकडच्या स्प्रिंगांचा स्थिरांक ३६ न्यूटन प्रति मीटर, मधलीचा ६.५. बहुतेक जण ३६ चं वर्गमूळ काढून ६ रेडियन प्रति सेकंद म्हणतात. जरा हुशार असतात ते म्हणतात, ‘सर, ठोकळा तर दोन स्प्रिंगांमध्ये आहे, म्हणून ४२.५ चं वर्गमूळ, ६.५२.’ दोन्ही आकडे निरर्थक नाहीत, पण प्रश्नाचं उत्तर दोन्हीही नाही. कारण प्रश्नच चुकीचा आहे.

‘प्रत्येक ठोकळ्याला स्वतःची वारंवारता असते’

दुसरा ठोकळा हाताने घट्ट धरून ठेवला तर पहिला खरंच ६.५२ ने डोलेल. पण हात काढला की तो आकडा संपला. पहिला ठोकळा १० सेंटिमीटर ओढून, दुसरा जागेवरच ठेवून दोघांना एकदम सोडून पाहा. पहिल्याचा झोका हळूहळू आखडत जातो, दुसऱ्याचा वाढत जातो. ३.१४ सेकंदांनी पहिला शून्यावर थांबलेला असतो आणि दुसरा पूर्ण १० सेंटिमीटरवर. ६.२८ सेकंदांनी सगळं पुन्हा सुरुवातीसारखं. ज्या हालचालीचा झोकाच सतत बदलतो आहे तिला ‘एक वारंवारता’ कुठून चिकटवणार?

ठोकळ्यांवरचे बल लिहिले की अडचण स्पष्ट दिसते:

x₁″ = −42.5x₁ + 6.5x₂
x₂″ = 6.5x₁ − 42.5x₂

पहिल्याच्या समीकरणात दुसरा घुसलाय, दुसऱ्याच्यात पहिला. एकट्यादुकट्याचं समीकरण सुटत नाही. म्हणून प्रश्न बदलायचा. दोन्ही ठोकळे एकाच तालात, एकाच वेळी मध्यातून जात, एकाच वेळी टोकाला पोचत हलतील, अशी एखादी रीत, म्हणजे नॉर्मल मोड, आहे का? असेल तर पहिल्याचं स्थान a cos ωt आणि दुसऱ्याचं b cos ωt असं लिहिता येईल. ही स्थानं वरच्या समीकरणांत घातली की कोसाइन दोन्ही बाजूंनी जातो आणि उरतं एवढंच:

42.5a − 6.5b = ω²a
−6.5a + 42.5b = ω²b

डावीकडे दोन बाय दोनच्या सारणीने (a, b) या जोडीला गुणलं आहे. उजवीकडे तीच जोडी परत आलीय, फक्त एका संख्येने मोठी होऊन. साधारण कुठलीही जोडी घेतली तर सारणी तिची दिशा बदलून टाकते. (1, 0) घालून पाहा, (42.5, −6.5) मिळेल. भौतिक अर्थ असा की फक्त पहिला ठोकळा सरकवला तरी मधली स्प्रिंग दुसऱ्यालाही ओढते, म्हणून हालचालीचा आकार टिकत नाही. ज्या मोजक्या जोड्यांची दिशा सारणी बदलत नाही त्या आयगेन सदिश, आणि त्या जितक्या पट होतात ती आयगेन मूल्यं. निश्चयक शून्य ठेवला की (42.5 − ω²)² = 6.5² मिळतं, म्हणजे ω² एकतर ३६ किंवा ४९. वारंवारता ६ आणि ७ रेडियन प्रति सेकंद. त्या ठोकळ्यांच्या नाहीत, अख्ख्या मांडणीच्या आहेत.

हे आकडे गणिताशिवायही पडताळता येतात, आणि मला हा भाग फार आवडतो. ३६ ला a = b येतं, म्हणजे दोघे हातात हात घालून चालतात. मधली स्प्रिंग ताणली जात नाही, दबतही नाही. ती काढून टाकली तरी फरक पडणार नाही. म्हणून उरतात फक्त भिंतीकडच्या ३६ च्या स्प्रिंगा. ४९ ला a = −b, म्हणजे दोघे एकमेकांकडे येतात आणि लांब जातात. तेव्हा मधल्या स्प्रिंगचा मध्यबिंदू हलत नाही. जणू तिथे भिंतच आहे आणि प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी स्प्रिंग. अर्धी कापलेली स्प्रिंग दुप्पट कडक होते, ६.५ ची १३. आणि ३६ अधिक १३ म्हणजे ४९. त्या विद्यार्थ्यांनी सांगितलेला ६ हा आकडा म्हणजे पहिल्या नॉर्मल मोडची वारंवारता. ती फक्त योगायोगाने पहिल्या ठोकळ्याच्या हिशेबात सापडली.

‘आयगेन मूल्य म्हणजे वारंवारता, आयगेन सदिश म्हणजे झोका’

आयगेन मूल्य ω² आहे, ω नाही. ४९ लिहून पुढे गेलेले पेपर मी बरेच तपासले आहेत. सदिशाचंही तसंच: (1, −1) म्हणजे ठोकळे एक मीटर हलतात असं नव्हे. (5, −5) तोच मोड आहे. सदिश फक्त प्रमाण आणि दिशा सांगतो. झोका किती ते तुम्ही सुरुवातीला किती ओढता त्यावर.

‘झोका वाढतो-कमी होतो, ही तिसरी वारंवारता’

पहिला ठोकळा ओढून सोडला तेव्हा ऊर्जा इकडून तिकडे गेली हे डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे हा गैरसमज चिवट आहे. शिवाय सूत्रातही तो लपलेला आहे: x₁ = 10 cos(0.5t) cos(6.5t) असं लिहिता येतं, आणि ६.५ चा ताल खरोखर ‘दिसतो’. पण हेच सूत्र उलगडून 5 cos 6t + 5 cos 7t असंही लिहिता येतं, आणि मांडणीला फक्त हे दोनच ताल ठाऊक आहेत. सुरुवातीची (10, 0) ही जोडी म्हणजे (5, 5) आणि (5, −5) यांची बेरीज. दोन्ही मोड सारख्याच झोक्याने, एकाच क्षणी सुरू झाले, पुढे एक जरा लवकर धावतो. अर्ध्या फेरीत ते एकमेकांच्या उलट होतात आणि पहिल्या ठोकळ्यावरचा परिणाम शून्य होतो.

ऊर्जेचा हिशेब मांडला की शंका राहत नाही. सुरुवातीला दिलेली एकूण ऊर्जा ०.२१२५ ज्यूल. त्यातली ०.०९ ज्यूल पहिल्या मोडमध्ये आणि ०.१२२५ ज्यूल दुसऱ्यात; आणि घर्षण नसेल तर हे दोन आकडे कायम तेवढेच राहतात. ठोकळ्यांमध्ये ऊर्जेची ये-जा होते, मोडमध्ये होत नाही.

प्रयोगशाळेत हे तपासायचं तर पहिल्या ठोकळ्याची हालचाल नोंदवून तिचं वारंवारता-विश्लेषण करावं. ०.९५५ आणि १.११४ हर्ट्झवर दोन शिखरं दिसतात, मध्ये, १.०३५ वर, जिथे ६.५ चं शिखर असायला हवं, तिथे खोलगट. मात्र नोंद पुरेशी लांब हवी. दोन शिखरांत ०.१५९ हर्ट्झचं अंतर आहे, म्हणून निदान सहा-सात सेकंद, खरं तर त्याच्या काही पट नोंद घ्यावी लागते. तीन सेकंदांचीच घेतली तर दोन्ही शिखरं मिसळून एकच बोजड शिखर होतं, ते नेमकं मधोमध बसतं, आणि विद्यार्थी आनंदाने वहीत ६.५ लिहितो.

‘ऊर्जा नेहमी पूर्ण जाते, आणि मोड नेहमी काटकोनात असतात’

सारख्या ठोकळ्यांवरच शिकवलं की ही समजूत होते. आता पहिला ठोकळा १ किलोचा, त्याची भिंतीची स्प्रिंग १६, दुसरा ४ किलोचा, त्याची ६४, मधली १६. इथे समीकरणांच्या उजवीकडे ω² बरोबर वस्तुमानंही येतात:

32a − 16b = ω²a
−16a + 80b = 4ω²b

सोडवल्यावर ω² = 16 आणि 36. पहिला मोड (1, 1), दुसरा (4, −1). यांचा नेहमीचा गुणाकार करा: ४ वजा १, म्हणजे ३. काटकोन नाही! इथे विद्यार्थी आपलंच उत्तर खोडतात. उत्तर बरोबर आहे, तपासणी चुकली. प्रत्येक पदाला त्या ठोकळ्याच्या वस्तुमानाने गुणायचं असतं: 1×1×4 + 4×1×(−1) = 0. वस्तुमानं सारखी असतील तेव्हा हा फरक लपतो, इतकंच.

आणि ऊर्जा? हलका ठोकळा एक एकक ओढून सोडला तर त्याची हालचाल 0.2 cos 4t + 0.8 cos 6t. दोन आकडे असमान असल्यामुळे ते एकमेकांना कधीच पुसू शकत नाहीत, झोका ०.६ च्या खाली जात नाही. प्रत्येक ठोकळा दुसरा धरून ठेवून एकटा हलवला तर त्यांचे ω² ३२ आणि २० येतात. हे दोन जुळले तरच पूर्ण देवाणघेवाण होते.

‘दोन वारंवारता सारख्या झाल्या तर झोका वाढतच जाईल’

ही चूक करणाऱ्यांत साक्षात लाग्रांज आहे. १७८८ च्या ‘मेकानिक अनालितिक’ या ग्रंथात त्याने म्हटलं की ω² ची दोन उत्तरं सारखी आली तर सूत्रात t ने गुणलेलं पद येतं, म्हणजे हालचाल काळाबरोबर वाढत जाईल. दोनच मुळांपैकी एक हरवलं तर दुसरं उत्तर t ने गुणून मिळवायचं, हा साध्या समीकरणांतला नियम त्याने इथे लावला. १८५८ मध्ये वायरश्ट्रासने हे चुकीचं असल्याचं दाखवलं. स्प्रिंगांची सारणी सममित असते, कारण पहिला ठोकळा दुसऱ्याला जेवढं ओढतो तेवढंच दुसरा पहिल्याला. आणि सममित सारणीला मूल्यं सारखी असली तरी दोन वेगळे सदिश मिळतातच. मूळ हरवत नाही, म्हणून t येत नाही. आपल्या मांडणीत मधली स्प्रिंग काढून टाका. दोन्ही ω² ३६ होतील, आणि दोन सुटे ठोकळे आपापले शांतपणे डोलत राहतील. झोका वाढायला बाहेरून कोणीतरी तालात ढकलावं लागतं.

आणि उलट, स्प्रिंग कितीही मऊ असो, ती आहे तोवर दोन वारंवारता एक होऊ शकत नाहीत. मधली ६.५ ऐवजी ०.०६५ ची घेतली तर ω² ३६ आणि ३६.१३, म्हणजे ६ आणि ६.०१. ऊर्जा तेव्हाही पूर्णच पलीकडे जाईल, फक्त तिला २९० सेकंद लागतील, जवळजवळ पाच मिनिटं. प्रयोगशाळेतल्या पट्टीवर ठोकळा मिनिटभरात थांबत असेल तर दुसरा हललेला तुम्हाला जाणवणारही नाही, आणि तुम्ही वहीत लिहाल की ठोकळे एकमेकांना जोडलेलेच नाहीत.