थकलेले भाडे आणि एक पत्र

दिल्लीत करोलबागेतील एका घरमालकाचा भाडेकरू जानेवारीपासून एप्रिलपर्यंत भाडे देऊ शकला नाही, असे समजा. दरमहा ३,००० रुपयांप्रमाणे थकबाकी १२,००० झाली. नोकरी सुटली होती, ती आता पुन्हा लागली आहे. मालकाने काय लिहावे?

१९५८ च्या दिल्ली भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे मागणीची रीतसर नोटीस पोचल्यापासून दोन महिन्यांत सारी थकबाकी न भरल्यास घर रिकामे करून मागता येते. परंतु पहिल्याच कसुरीत भाडेकरूने नियंत्रकाच्या हुकुमाप्रमाणे पैसे भरले, तर त्याचे घर वाचते. म्हणजे खटल्याअंती मालकाच्या हाती बहुधा पैसेच येणार. ते आधीच मागणे शहाणपणाचे. (मासिक भाडे ३,५०० रुपयांहून अधिक असेल, तर मात्र हा कायदा लागू नाही.)

पत्रात प्रथम महिनावार हिशेब द्यावा. मग लिहावे : "मे महिन्याचे भाडे ३,००० आणि थकबाकीपैकी २,००० असे ५,००० रुपये आपण १५ जूनपर्यंत द्यावेत, व पुढेही दरमहा असेच. नोव्हेंबरात बाकी फिटेल. हप्ता चुकल्यास मी रीतसर नोटीस देईन." नळ वा वीज तोडण्याची धमकी नको, कायद्याने तो अपराध आहे.

घोटाळा होतो तो पावतीत. "रुपये ५,००० पावले" एवढेच लिहिले, तर ते कोणत्या महिन्याचे, यावर पुढे वाद माजतो. चालू भाडे आणि जुनी बाकी पावतीवर निरनिराळी लिहावी, आणि पत्राच्या प्रतीवर भाडेकरूची तारखेसह सही घ्यावी.