सीड, शब्द आणि एकाच शॉटचे अनेक टेक

मजकुरावरून चित्र तयार करणारे डिफ्यूजन मॉडेल कोऱ्या कागदापासून सुरुवात करत नाही. त्याच्यासमोर आधी निव्वळ गोंधळ असतो, म्हणजे सिग्नल गेलेल्या जुन्या टीव्हीवर दिसणाऱ्या मुंग्यांसारखे यादृच्छिक आकडे. मॉडेल हा गोंधळ वीस-तीस फेऱ्यांत थोडा थोडा निवळत नेते आणि निवळताना दिलेल्या मजकुराकडे, म्हणजे प्रॉम्प्टकडे, पाहत राहते. चित्र शेवटी कसे उतरेल हे म्हणून दोन गोष्टींवर ठरते: सुरुवातीचा गोंधळ कोणता होता आणि तो निवळताना कोणते शब्द समोर होते. एकाच शॉटचे वेगवेगळे टेक हवे असतील, तर या दोन गोष्टी वेगवेगळ्या हाताळाव्या लागतात.

ऑगस्ट 2022 मध्ये खुले झालेले स्टेबल डिफ्यूजन हे याचे सोयीचे उदाहरण आहे, कारण त्यातली प्रत्येक कळ वापरणाऱ्याच्या हातात असते. 768 गुणिले 512 पिक्सेलचे चित्र हवे असेल, तर हे मॉडेल आतल्या आत त्याच्या आठपट लहान जाळीवर काम करते. ही जाळी 96 गुणिले 64 चौकटींची असते आणि तिचे चार थर असतात. म्हणजे सुरुवातीचा सगळा गोंधळ 24,576 आकड्यांचा असतो. हे आकडे संगणक खरोखर फासे टाकून काढत नाही. एका पूर्णांकापासून सुरुवात करून ठरलेल्या गणिताने तो त्यांची रांग तयार करतो. या पूर्णांकाला सीड म्हणतात. सीड तोच, तर आकड्यांची रांगही तीच. मॉडेल, प्रॉम्प्ट आणि बाकीच्या सेटिंग्जही त्याच ठेवल्या, तर चित्रही तेच येते.

सीडबद्दलचा एक गैरसमज सुरुवातीलाच दूर केलेला बरा. 4127 आणि 4128 हे शेजारचे आकडे असले, तरी त्यांच्यापासून निघणारे गोंधळ एकमेकांच्या जवळपासही नसतात. सीड एकाने वाढवला म्हणजे चित्र किंचित बदलते, असे होत नाही. ते पूर्णपणे नवे येते. तसेच सीडमध्ये एखाद्या पात्राचा चेहराही साठवलेला नसतो. तोच सीड वेगळ्या प्रॉम्प्टला दिला, तर फार तर गडद-फिकट भागांची मांडणी थोडी ओळखीची वाटते. माणूस तोच येत नाही.

सीडचा प्रभाव नेमका कुठे पडतो, हे फेऱ्यांच्या क्रमावरून कळते. पहिल्या काही फेऱ्यांत गोंधळ दाट असतो आणि मॉडेलला त्यातून फक्त मोठे आकार वेगळे काढता येतात. क्षितिज कुठे, माणूस डावीकडे की उजवीकडे, उजेड कोणत्या बाजूने, हे तेव्हाच ठरून जाते. कापडाची वीण, केसांच्या बटा, दगडांचा खडबडीतपणा हे सारे नंतरच्या फेऱ्यांत भरले जाते. म्हणून शॉटची रचना मुख्यतः सीड आणि सुरुवातीच्या फेऱ्यांतले शब्द मिळून ठरवतात. रचना जपून बाकीचे बदलायचे असेल, तर या पहिल्या फेऱ्यांना धक्का लागू द्यायचा नाही.

मानू या, एका लघुपटाच्या स्टोरीबोर्डसाठी एक शॉट हवा आहे: पहाटे लहानशा रेल्वे फलाटावर सूटकेस घेऊन उभी असलेली स्त्री. स्टेबल डिफ्यूजनचा मजकूर-वाचक मुख्यतः इंग्रजीवर शिकलेला असल्याने प्रॉम्प्ट इंग्रजीत द्यावा लागतो.

```
medium shot, woman with a suitcase on a small
railway platform, early morning, thin fog

Steps: 25, Sampler: Euler, CFG scale: 7,
Seed: 4127, Size: 768x512
```

पहिली पायरी शोधाची. या पायरीला शब्द अजिबात बदलायचे नाहीत, फक्त सीड बदलायचा. सीडच्या रकान्यात -1 लिहिले की प्रत्येक वेळी नवा सीड घेतला जातो. अशी बारा-सोळा चित्रे काढून ती एका तक्त्यात मांडली, की एकाच वाक्याच्या वेगवेगळ्या रचना शेजारी शेजारी दिसतात. कुठे फलाट तिरका जातो, कुठे स्त्री पाठमोरी येते, कुठे सूटकेस चौकटीबाहेर पडते. त्यांतली हवी ती रचना निवडायची आणि तिचा सीड कायम करायचा. वरच्या उदाहरणात तो 4127 आहे.

पुढे जाण्याआधी एक चाचणी आवश्यक आहे. काहीही न बदलता तेच चित्र पुन्हा काढायचे आणि दोन्ही प्रती चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांवर ठेवून त्यांतला फरक दाखवणारा मोड लावायचा. सगळे काळे दिसले, तर यंत्रणा स्थिर आहे. कडांवर फिकट रेषा उमटल्या, तर ग्राफिक्स कार्डवरचे वेग वाढवणारे काही गणित दर वेळी अगदी तंतोतंत तेच उत्तर देत नाही, असे समजावे. तो फरक सहसा नगण्य असतो, पण माहीत असावा; नाहीतर शब्दामुळे न झालेला बदल शब्दाच्या खात्यावर मांडला जातो.

दुसरी पायरी शब्दांची. सीड 4127 वर ठेवून `thin fog` च्या जागी `light rain` लिहिले, तर फलाट आणि स्त्री बहुधा जागेवर राहतात आणि हवा बदलते. `heavy rain` लिहिल्यावर मात्र छत्री उगवू शकते आणि स्त्रीची उभी राहण्याची ढबही बदलू शकते. मॉडेल ज्या चित्रांवर शिकले त्यांत जोराचा पाऊस आणि छत्री बहुतेक एकत्रच असतात, त्यामुळे एक शब्द आपल्यासोबत त्याचे सोबतीही आणतो. रंगाच्या शब्दांचेही तसेच होते. `red suitcase` लिहिले की लाल रंग कधी स्त्रीच्या कोटावर, कधी मागच्या फलकावर सांडतो. टेक बिघडला असेल, तर नवीन शब्दाचे असे सोबती चौकटीत आले आहेत का, हे आधी पाहावे.

शब्द वाक्यात कुठे बदलला, यानेही फरक पडतो. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्यांतला मजकूर-वाचक वाक्य डावीकडून उजवीकडे वाचतो आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ फक्त त्याच्या आधीच्या शब्दांवरून लावतो. सुरुवातीलाच एक शब्द घुसवला, तर पुढच्या प्रत्येक शब्दाचे आकडे बदलतात. तोच शब्द शेवटी जोडला, तर आधीच्या शब्दांचे आकडे तसेच राहतात आणि धक्का कमी बसतो. म्हणून टेकगणिक बदलणारे शब्द, म्हणजे हवा, उजेड, चेहऱ्यावरचा भाव, प्रॉम्प्टच्या शेवटी ठेवणे हिताचे. सर्व शब्द दोन्ही बाजूंनी वाचणाऱ्या नव्या मॉडेल्सना हा नियम लागू पडत नाही.

शब्द मोठा असेल आणि रचनाही हलू द्यायची नसेल, तर तो उशिरा आणता येतो. ऑटोमॅटिक1111 या प्रचलित इंटरफेसमध्ये त्यासाठी असे लिहितात:

```
[thin fog:heavy rain:0.3]
```

याचा अर्थ, पंचवीसपैकी पहिल्या सातेक फेऱ्या मॉडेल धुके वाचते आणि पुढे जोराचा पाऊस. तोवर स्त्री, फलाट आणि रूळ आपापल्या जागी बसलेले असतात. शेवटचा आकडा 0.6 केला, तर रचना आणखी सुरक्षित राहते. पण पाऊस केवळ वरून मारलेल्या रेघांसारखा दिसू लागतो, कारण ओल्या फरशीतले मोठे प्रतिबिंब तयार करायला फेऱ्या उरत नाहीत. शब्दाचा जोर कमी-जास्त करायचा असेल, तर `(thin fog:1.2)` असे वजन देता येते.

तिसरी पायरी शब्द न बदलता मिळणाऱ्या सूक्ष्म टेकची. दिग्दर्शकाला रचना पटली आहे, पण मान जराशी वेगळी हवी आहे. अशा वेळी दुसऱ्या सीडचा गोंधळ पहिल्यात थोडा मिसळतात. या दुसऱ्या सीडला व्हेरिएशन सीड म्हणतात आणि मिसळण्याचे प्रमाण 0 ते 1 असते. 0.05 ते 0.2 या दरम्यान शॉट ओळखू येतो आणि तपशील बदलतात. प्रमाण त्याच्या बरेच पुढे नेले की तो दुसराच शॉट होतो. ही मिसळण साध्या सरासरीने करून चालत नाही. दोन स्वतंत्र गोंधळांची सरासरी काढली, तर त्यांतले चढउतार एकमेकांना खातात आणि गोंधळाचा जोर मूळच्या सुमारे 71 टक्क्यांवर येतो. मॉडेलला पूर्ण जोराच्या गोंधळाची सवय असल्याने चित्र धुवट आणि सपाट उतरते. म्हणून गोलाच्या पृष्ठभागावरून एका बिंदूकडून दुसऱ्याकडे गेल्यासारखी मिसळण करतात. त्यात जोर कायम राहतो.

सीड तोच असूनही चित्र वेगळे आले, तर कारणे मोजकी असतात. सर्वांत नेहमीचे कारण आकारमान. 768 गुणिले 512 चे 512 गुणिले 768 केले, की तेच आकडे वेगळ्या ओळींत मांडले जातात आणि गोंधळाचा नकाशाच बदलतो. दुसरे कारण सॅम्पलर, म्हणजे गोंधळ निवळण्याची पद्धत. `Euler a` सारख्या पद्धती प्रत्येक फेरीत ताजा गोंधळ घालतात, त्यामुळे फेऱ्या 25 वरून 30 केल्या तरी रचना पालटू शकते. साध्या `Euler` मध्ये तेवढ्या बदलाने सहसा फक्त तपशील हलतात. तिसरे कारण आकडे कुठे तयार झाले हे. मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकाच सीडपासून वेगवेगळ्या रांगा काढतात, म्हणून एका सॉफ्टवेअरमधला सीड दुसऱ्यात तेच चित्र देईलच असे नाही. ऑटोमॅटिक1111 या सर्व सेटिंग्ज पीएनजी फाइलच्या आत लिहून ठेवते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवल्यास ती नोंद पुसली जाते, त्यामुळे मूळ फाइल जपावी लागते.

चलच्चित्रात हाच हिशेब काळापर्यंत ताणला जातो. फेब्रुवारी 2025 मध्ये अलिबाबाने खुले केलेले वॅन 2.1 सेकंदाला 16 या गतीने 81 फ्रेम, म्हणजे सुमारे पाच सेकंदांचा तुकडा तयार करते. संपूर्ण तुकड्यासाठी गोंधळाचा एकच सलग ठोकळा असतो. त्यामुळे लांबी कमी केली, तर शेवट कापला जात नाही. सगळा तुकडाच नवा होतो. टेकची लांबी म्हणूनच आधी ठरवून घ्यावी लागते.

येथे सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे आधी स्थिर चित्र पक्के करून ते पहिली फ्रेम म्हणून देणे. फलाट, स्त्री, उजेड हे सारे त्या चित्राने बांधलेले असते आणि सीडच्या हाती मुख्यतः हालचाल उरते. आता सीड बदलला की तीच स्त्री कधी लवकर वळते, कधी रेंगाळते. अभिनयाचे खरेखुरे टेक मिळतात. `turns her head` च्या जागी `slowly turns her head` लिहिले, की वळण्याची लय बदलते. मात्र स्त्री पहिल्या चित्रात पाठमोरी असेल, तर वळल्यावर दिसणारा चेहरा मॉडेल स्वतः रचते आणि तो प्रत्येक सीडला निराळा येतो. टेक एकमेकांना जोडायचे असतील, तर चेहरा दिसणारी चौकटच पहिली फ्रेम म्हणून निवडावी लागते.