कर शून्य, कपात 1 लाख 44 हजार!

वर्षाला 24 लाखांची बिलं, आणि आयकर शून्य. यात पळवाट नाही, 2025-26 या आर्थिक वर्षाचं साधं गणित आहे. इंजिनिअर, आर्किटेक्ट, वकील, डॉक्टर, आयटी सल्लागार अशा ठरावीक व्यावसायिकांना कलम 44 एडीए सांगतं, की एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवा, खर्चाच्या पावत्या मागणार नाही. (प्रत्यक्ष कमाई निम्म्याहून जास्त असेल, तर जास्त दाखवता येते.) 24 लाखांचे निम्मे 12 लाख. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर 87 ए ची सूट मिळून कर उरत नाही. पण प्रत्येक बिलातून कंपनीने 10 टक्के टीडीएस आधीच कापलेला असतो. म्हणजे ज्याचा कर शून्य, त्याचे 2 लाख 40 हजार सरकारकडे जमा!

हिंजवडीच्या पट्ट्यात आणि चाकणच्या कारखान्यांसाठी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कितीतरी जणांना हे पैसे वर्षभर अडकवून ठेवण्याची गरज नाही. त्यासाठी एक अर्ज आहे; 2025-26 मध्ये तो फॉर्म 13 होता.

माणमधली एक डिझायनर

मुळशी तालुक्यातलं माण म्हणजे राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा. शिवाजीनगरपासून येणाऱ्या मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचं हे टोक. समजा, इथे फ्लॅट घेऊन राहणारी एक मेकॅनिकल इंजिनिअर आहे. नोकरी सोडून ती घरूनच फिक्स्चर आणि जिग डिझाइन करते. चाकणची सुटे भाग बनवणारी कंपनी तिला महिन्याला 80 हजार देते, हिंजवडीतली एक कंपनी 40 हजार. दोन्हीकडून 10 टक्के कापले जातात, म्हणून हातात 1 लाख 20 हजारांऐवजी 1 लाख 8 हजार येतात.

वर्षाची जमा 14 लाख 40 हजार. निम्मं उत्पन्न 7 लाख 20 हजार. नव्या प्रणालीत पहिले 4 लाख करमुक्त, उरलेल्या 3 लाख 20 हजारांवर 5 टक्क्यांनी 16 हजार, आणि 87 ए मुळे तेही माफ. देणं शून्य, कपात 1 लाख 44 हजार. रिफंड मिळतो, हे खरं. पण त्यासाठी वर्ष संपायला हवं, रिटर्न भरायला हवं, ते तपासून व्हायला हवं. एप्रिलच्या बिलातून कापलेले 12 हजार हाती यायला सव्वा वर्षही लागू शकतं.

आणि व्याज? कलम 244 ए प्रमाणे मुदतीत रिटर्न भरलं, तर रिफंडवर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं. पण ते मोजायला सुरुवात होते पुढच्या 1 एप्रिलपासून. ज्या वर्षात पैसे कापले, त्या वर्षाचं व्याज नाही. शिवाय मिळालेलं व्याज करपात्र असतं.

15 जी इथे चालत नाही

बँकेत मुदत ठेवीसाठी 15 जी भरून दिलेला असतो, म्हणून अनेकांना वाटतं की तोच फॉर्म कंपनीच्या अकाउंट्सकडे दिला की काम झालं. होत नाही. 15 जी ची सोय व्याज, लाभांश, भाडं अशा काही मोजक्या प्रकारांसाठी आहे. व्यावसायिक फी कलम 194 जे खाली येते आणि ते कलम त्या यादीत नाही. अकाउंट्समधल्या माणसाने ओळखीखातर तो फॉर्म घेतला, तर फसते कंपनी: कमी कापलेल्या टीडीएसवर तिला महिन्याला 1 टक्का व्याज भरावं लागतं. म्हणून तिथे "नाही" ऐकू आलं तर त्यांच्यावर रागावू नये.

दुसरी गल्लत 2 टक्क्यांची. 194 जे मध्ये 'तांत्रिक सेवां'ना 1 एप्रिल 2020 पासून 2 टक्के दर आहे. डिझाइन तर तांत्रिकच! पण त्याच कलमात इंजिनिअरिंगचा व्यवसाय 'व्यावसायिक सेवा' म्हणून नाव घेऊन नोंदलेला आहे. त्यामुळे स्वतंत्र इंजिनिअरच्या फीवर कंपन्या 10 टक्केच कापतात. मग उरतो तो कलम 197 चा रस्ता. अधिकाऱ्याने प्रमाणपत्र दिलं, तर कंपनी कमी दराने किंवा शून्य दराने कापते.

अर्जात काय विचारतात?

अर्ज ट्रेसेस पोर्टलवर पॅनने नोंदणी करून भरायचा आणि तो पुण्यातल्या टीडीएस विभागाच्या अधिकाऱ्याकडे जातो. यात प्रत्येक कंपनीचा टॅन लागतो. पुण्यातले टॅन `PNE` ने सुरू होतात आणि चौथं अक्षर साधारणपणे कंपनीच्या नावाचं पहिलं अक्षर असतं. त्यामुळे टॅनची सुरुवातीची अक्षरं चुकीची उतरवली असतील, तर बऱ्याचदा नुसत्या नजरेने कळतं. ही तपासणी जरूर करावी, कारण प्रमाणपत्र त्या टॅनपुरतंच असतं. एक आकडा चुकला, तर कंपनीला ते दिसतच नाही.

अधिकाऱ्याने काय पाहायचं, हे नियम 28 एए मध्ये लिहिलेलं आहे: या वर्षीचं अंदाजित उत्पन्न आणि कर, मागच्या चार वर्षांचं उत्पन्न, जुनी थकबाकी, आणि आतापर्यंत भरलेला ॲडव्हान्स टॅक्स व कापला गेलेला टीडीएस. म्हणून सोबत जोडायचं ते ठरलेलं आहे. चार वर्षांची रिटर्न्स, या वर्षीच्या अंदाजाचा तक्ता, दोन्ही कंपन्यांचे करार किंवा वर्क ऑर्डर, आणि 26 एएस. आपल्या डिझायनरची आधीची वर्षं नोकरीची असतील, तर पगाराची रिटर्न्स चालतात. मात्र उत्पन्नाची घडण का बदलली, हे दोन ओळींत लिहून द्यावं, नाहीतर तोच प्रश्न विचारला जातो.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अर्ज भरण्याच्याही आधीची आहे. ई-फायलिंगच्या खात्यात जाऊन जुनी डिमांड शिल्लक आहे का, ते पाहावं. पाच-सात वर्षांपूर्वीच्या रिटर्नवर कधीतरी निघालेली चार-पाच हजारांची डिमांड, जिच्याबद्दल कधी ईमेल उघडलाच नाही, ती इथे आडवी येते. ती भरावी, किंवा चुकीची असेल तर आधी तिथे हरकत नोंदवावी, मग फॉर्म 13 कडे वळावं.

अंदाजही खरा असावा. शेअर विकून झालेला नफा, ठेवींचं व्याज, भाडं हे सगळं त्यात यायला हवं. शेअरच्या भांडवली नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या करावर 87 ए ची सूट लागू होत नाही, त्यामुळे 'शून्य' म्हणून मागितलेलं गणित तिथे कोलमडतं.

मागची तारीख नाही

अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण असेल, तर तो ज्या महिन्यात मिळाला, त्या महिन्याच्या अखेरीपासून 30 दिवसांत निकाली काढावा, असं कर मंडळाचं धोरण आहे. मध्येच काही खुलासा मागितला, तर तो ट्रेसेसवरच दिसतो. तिथे रोज डोकावलं नाही, तर अर्ज उत्तराअभावी पडून राहतो.

समजा, आपल्या डिझायनरने मेच्या शेवटी अर्ज केला आणि प्रमाणपत्र 8 जुलैला निघालं. ते लागू होतं 8 जुलैपासून 31 मार्चपर्यंत. मागच्या तारखेने मिळत नाही. एप्रिल, मे, जूनचे 36 हजार कापले गेले, ते रिफंडमधूनच येणार. इथे एक बारकावा आहे. टीडीएस कापायचा तो पैसे देताना किंवा बिल खात्यात जमा धरताना, यातलं जे आधी होईल तेव्हा. जूनचं बिल कंपनीने 30 जूनला नोंदवलं असेल, तर पैसे 20 जुलैला मिळाले तरी कपात जूनचीच.

जुलैपासूनचं चित्र मात्र बदलतं. चाकणच्या कंपनीसाठी नऊ महिन्यांचे 7 लाख 20 हजार, हिंजवडीच्या कंपनीसाठी 3 लाख 60 हजार, दोन्ही शून्य दराने. म्हणजे 1 लाख 8 हजार रुपये तिच्याच खात्यात.

मर्यादा संपली की?

प्रमाणपत्रावर दरासोबत रक्कमही असते. चाकणच्या कंपनीने डिसेंबरमध्ये एका नव्या लाइनचं 1 लाखाचं जादा काम दिलं, तर 7 लाख 20 हजारांची मर्यादा मार्चपूर्वीच संपेल आणि पुढच्या रकमेवर पुन्हा 10 टक्के. कंपनीला ही शिल्लक ट्रेसेसवर तपासता येते, आणि तपासावीच लागते. म्हणून अर्जातला अंदाज अगदी काठावर ठेवू नये, पण करारांच्या आधाराशिवाय फुगवूही नये. ऑक्टोबरमध्ये तिसरा क्लायंट मिळाला, तर त्याच्या टॅनसाठी वेगळा अर्ज लागतो. (पैसे देणारे 100 हून अधिक असतील आणि त्यांचा तपशील आधी ठाऊक नसेल, तर अर्जदाराच्याच नावाने एकत्र प्रमाणपत्र देण्याची तरतूद नियमात आहे.)

प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याचा नंबर दोन्ही कंपन्यांना ईमेल करावा. कंपनी तिमाही टीडीएस रिटर्नमध्ये तो नंबर आणि त्यापुढे `A` हा संकेत टाकते. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीचं रिटर्न भरण्याची मुदत 31 ऑक्टोबर, त्यामुळे नोव्हेंबरात 26 एएस उघडून पाहावं. बिलाची रक्कम आणि समोर कपात शून्य दिसली, की सगळं जुळलं. सॉफ्टवेअरने सवयीने 10 टक्के कापले असतील, तर ते तेव्हाच लक्षात येतं.

आता नवं काय?

1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू झाला आहे. वर दिलेले कलमांचे आणि फॉर्मचे आकडे 2025-26 पर्यंतच्या जुन्या कायद्यातले आहेत; आता ते बदलले: कलम 197 ची तरतूद आता कलम 395 मध्ये आहे आणि 'पूर्व वर्ष' आणि 'कर निर्धारण वर्ष' यांऐवजी एकच 'कर वर्ष' म्हणतात. 2026 च्या अर्थसंकल्पात लहान करदात्यांसाठी आणखी एक घोषणा झाली: अधिकाऱ्याकडे अर्ज न करता, ठरवलेल्या नियमांवर आपोआप चालणाऱ्या पद्धतीने कमी किंवा शून्य कपातीचं प्रमाणपत्र. आपल्या डिझायनरसारख्यांचं गणित तीन ओळींचं असतं, त्यामुळे ही सोय त्यांनाच सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

तोवर अर्ज लवकर करणं हाच उपाय. प्रमाणपत्र 31 मार्चला संपतं आणि एप्रिलच्या पहिल्या बिलापासून कपात पुन्हा 10 टक्क्यांवर जाते. पुढच्या वर्षाचा अर्ज मार्चमध्येच तयार असेल, तर जूनपर्यंतचे ते 36 हजारही बरेचसे वाचतात.