ठुशी की वळं?

भाचीच्या लग्नाचं सोनं घ्यायला आम्ही कोल्हापूरच्या गुजरीत गेलो, तेव्हा दाजींच्या खिशात एक लाख दहा हजार रुपये होते. हॉल आणि जेवणावळीचे पैसे बाजूला काढल्यावर सोन्यासाठी उरले ते एवढेच. मंगळसूत्र सासरकडचे करणार होते. आम्हाला मुलीच्या अंगावर माहेरचं काहीतरी घालायचं होतं. आत्याबाईंच्या मनात ठुशी होती. दाजी मात्र घरूनच ठरवून आले होते, दहा ग्रॅमचं वळं घ्यायचं. आमच्याकडे सोन्याच्या नाण्याला अजून वळंच म्हणतात.

सराफांनी ठुशी तराजूवर ठेवली. काटा १०.६ ग्रॅमवर थांबला. मधल्या लाल खड्याचं आणि दोऱ्याचं वजन वजा करून त्यांनी निव्वळ सोनं लिहिलं, दहा ग्रॅम. पावतीवर ही दोन्ही वजनं वेगवेगळी हवीत. खड्याचे पैसे सोन्याच्या भावाने गेले, तर विकताना ते परत मिळत नाहीत.

हिशेब सोपा जावा म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला दहा हजार धरू. दागिना २२ कॅरेटचा, म्हणजे ९१.६ टक्के सोनं, म्हणून त्याचा भाव ९,१६०. दहा ग्रॅमचे ९१,६०० झाले. ठुशीची मजुरी पंधरा टक्के, ती १३,७४०. या सगळ्यावर तीन टक्के जीएसटी धरला की आकडा एक लाख साडेआठ हजारांवर जातो. नाणं २४ कॅरेटचं, दहा ग्रॅमचे एक लाख. त्यावर मजुरी दोन टक्के, मग तोच कर. एकूण १,०५,०६०.

तेव्हा दाजींनी विचारलं, "उद्या विकायची वेळ आली तर?" भाव तोच राहिला आणि सराफांनी दोन टक्के घट धरली, तर ठुशीचे सुमारे नव्वद हजार हाती येतात. मजुरी आणि कर गेले ते गेलेच. म्हणजे अठरा-एकोणीस हजारांना खोट. नाण्यात एक टक्का कापला तरी खोट सहा हजारांच्या आसपास राहते. दाजी निवांत झाले, आत्याबाई गप्प झाल्या.

पण या हिशेबाला दुसरी बाजू आहे आणि ती ताईला दिसली. नाणं मोडून उद्या त्याचीच ठुशी करायची असेल, तर आज वाचलेली मजुरी उद्या भरावीच लागते, तीही उद्याच्या भावाने, कारण ती टक्क्यांत असते. दागिना घडवायचाच असेल, तर आधी नाणं घेऊन काही वाचत नाही. शिवाय बँक सोन्याचं नाणं विकते, पण परत विकत घेत नाही. अडीनडीला गहाण ठेवायला दागिना जास्त सोयीचा, नाण्यावर कर्ज देताना बँकांची बंधनं जास्त.

मग सगळ्यांनी मुलीकडे पाहिलं. ती पुण्यात नोकरी करते, दोन वर्षांत घराची सुरुवातीची रक्कम भरायचा दोघांचा बेत आहे. ती म्हणाली, "मामा, ठुशी घेतली तर माझ्याच्याने ती विकवणार नाही. वळं विकवेल." माझ्या मते निर्णय इथेच झाला. जे विकायचंच नाही, त्याच्या मजुरीचा शोक कशाला करायचा? आणि जे विकायचं हे आधीच ठरलंय, त्यावर पंधरा टक्के मजुरी का भरायची?

ठुशीचा प्रश्न ताईने सोडवला. तिची स्वतःची, लग्नातली ठुशी कपाटात होती. दोरा जुना झाला होता, तेवढा नव्याने गाठवून घेतला. तिच्यावर हॉलमार्क नाही, तेव्हा ती पद्धत नव्हती. आता १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक लागतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर टाकून शुद्धता पडताळता येते. दोन ग्रॅमहून हलक्या वस्तूंना मात्र ही सक्ती नाही. म्हणून मंगळसूत्राच्या छोट्या वाट्या घेताना शिक्का आहे का, हे आपणच विचारायचं.

नाणं सीलबंद कार्डात मिळालं. त्यावर शुद्धता ९९९ आणि वजन छापलेलं. सराफांनी बजावलं, "पाकीट फोडू नका. फोडलंत तर परत घेताना पुन्हा तपासावं लागेल." पावती ताईने तिथेच पर्समधल्या आतल्या कप्प्यात ठेवली.

लग्नाच्या सकाळी भाची गौरीहराशी बसली, गळ्यात आईची ठुशी. अन्नपूर्णेशेजारी ते कार्ड ठेवलं होतं. आत्याबाईंनी हळदी-कुंकवाचं बोट उचललं, क्षणभर थांबल्या आणि दाजींकडे पाहत प्लॅस्टिकवरच कुंकू लावलं.