गलबत ओळखायचं तर आधी टोकं पाहा

मुंबई बंदराचा जुना कृष्णधवल फोटो समोर आला, की नजर आधी शिडांकडे जाते. तिरक्या लांब वाशावर ताणलेलं, जवळजवळ त्रिकोणी शीड दिसलं की आपण ‘अरबी गलबत’ म्हणून मोकळे होतो. फसगत होते ती इथेच. असं शीड कुवेतपासून कोकणापर्यंत सगळ्याच गलबतांवर असे. युरोपचे खलाशी जहाजाचा प्रकार डोलकाठ्या आणि शिडांवरून ठरवत, तर अरबी समुद्रावरचे खलाशी तो लाकडी अंगाच्या घडणीवरून ठरवत. म्हणून फोटोतही तेच पाहायला हवं.

समजा, फोटोत दोन गलबतं नांगरून उभी आहेत आणि दोघांची शिडं उतरवलेली आहेत. आधी पुढची बाजू कोणती ते ठरवू. या गलबतांच्या डोलकाठ्या पुढे झुकलेल्या असतात आणि दोन असल्या तर उंच डोलकाठी पुढे असते. मागच्या अंगाला डेक उंच चढवलेला असतो. सुकाणू धरणारा तिथेच उभा राहतो.

आता टोकं पाहू. पहिलं गलबत दोन्हीकडे निमुळतं आहे आणि त्याच्या नाळेचं जाड लाकूड भाल्यासारखं सरळ, तिरकं पुढे आलं आहे. हे ‘बूम’. इराणच्या आखातातलं, विशेषतः कुवेतचं. ऑस्ट्रेलियन लेखक अ‍ॅलन व्हिलियर्स १९३८-३९मध्ये अशाच एका कुवेती बूमवरून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेला होता.

दुसऱ्या गलबताची मागची बाजू आडवी कापल्यासारखी सपाट आहे आणि तिच्यावर कोरीव काम दिसतं. म्हणजे ते बूम नाही. मग ‘बगला’ की कच्छची ‘कोटिया’? मागून दोघी बहिणी वाटतात, म्हणून पुन्हा नाळेकडे यावं लागतं. बगल्याच्या नाळेचं टोक साधं, आखूड खुंटासारखं असतं. कोटियाच्या टोकाला पोपटाच्या डोक्यासारखं वळण दिलेलं असतं. फोटोत ते वळण दिसतंय, तेव्हा ही कोटिया.

या खुणेचा उपयोग काळ ठरवायलाही होतो, पण जपून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत बूमनं बगल्याची जागा घेतली, कारण निमुळती मागची बाजू बांधायला सोपी आणि स्वस्त पडे. त्यामुळे फोटोत बगले जास्त आणि बूम कमी असतील, तर फोटो जुना असण्याचा संभव वाढतो. एवढ्यावरून साल मात्र ठरत नाही.

अनेकदा एक गलबत दुसऱ्याच्या आड असतं. मागची बाजू झाकलेली आणि नाळेचं टोक चौकटीबाहेर असेल, तर उरलेल्या शिडांवरून नाव ठोकून देऊ नये. फोटोखाली ‘दोन डोलकाठ्यांचं मालवाहू गलबत’ एवढंच लिहावं. ते अपुरं असलं, तरी चुकीचं नसतं.