हातचा घेणारीं चाकें

हातचा विसरल्याबद्दल गुरुजींचे दोन शब्द ज्यानें ऐकले नाहींत, असा विद्यार्थी विरळा. सात आणि आठ पंधरा. पांच खालीं लिहिले, एक हातचा घेतला, आणि पुढच्या घरांतील अंक मोजण्याच्या नादांत तो हातांतच राहून गेला! अंकांची बेरीज पाठ असते. चूक होते ती बहुधा ह्या हातच्यापाशीं. विजेवर चालणारीं गणकयंत्रें निघण्यापूर्वीं तीनशें वर्षें, नुसत्या पितळी व पोलादी चाकांकडून बेरीज-गुणाकार करवून घेण्याचा उद्योग ज्यांनीं केला, त्यांनाही हीच अडचण आडवी आली. ती त्यांनीं कशी दूर केली, हें ह्या लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम चाक मोजतें कसें, तें पाहूं. एका चाकाच्या परिघावर ० पासून ९ पर्यंत दहा अंक लिहिले, आणि झांकणाला एक बारीक खिडकी ठेवून तींतून एकच अंक दिसेल अशी व्यवस्था केली. खिडकींत ३ दिसत असतांना चाक चार घरें पुढें फिरविलें तर ७ दिसेल. ही झाली बेरीज. एकं, दहं, शतं ह्यांसाठीं अशीं तीन चाकें ओळीनें मांडलीं कीं तीन अंकी संख्या मांडतां येते. परंतु ७ वर असलेलें एकंचें चाक आणखी पांच घरें फिरविलें तर तें ९ ओलांडून २ वर येतें, आणि शेजारच्या दहंच्या चाकाला त्याची वार्ताही नसते. ती वार्ता पोंचविणें म्हणजेच हातचा.

सर्वांत सोपी युक्ति अशी कीं, एकंच्या चाकाला एक लांब दांता बसवावा. चाक ९ वरून ० वर जातांना त्या दांत्यानें शेजारच्या चाकाला एक घर ढकलावें. जर्मनींतील ट्युबिंगेन येथील अध्यापक विल्हेल्म शिकार्ड ह्यांनीं ज्या यंत्राचें वर्णन १६२३ सालीं केप्लर ह्या ज्योतिर्विदास पत्रानें कळविलें, त्यांत हीच युक्ति होती. जुन्या मोटारींतील मैल मोजणाऱ्या चाकांतही ती असे. पण खिडक्यांत ९९९९९९ आहे आणि त्यांत १ मिळवावयाचा आहे, असें समजा. आतां एकंचें चाक दहंच्या चाकाला ढकलतें, तें शतंच्या चाकाला, आणि अशा रीतीनें साही चाकें एकाच क्षणीं हलवावीं लागतात. तो सारा भार पहिल्या चाकाच्या एका दांत्यावर पडतो. मग दांता तरी मोडतो, नाहीं तर चाक अडून बसतें.

ही अडचण ब्लेझ पास्काल ह्या फ्रेंच तरुणानें ओळखली. त्याचे वडील रूआं शहरीं सरकारी करवसुलीचे अधिकारी होते, आणि रात्र रात्र बसून हिशेब करीत. तेथील नाणीं आपल्या जुन्या रुपये-आणे-पैप्रमाणें होतीं. आपल्याकडे १९५७ सालापर्यंत १२ पैंचा आणा व १६ आण्यांचा रुपया असे. तिकडे १२ दनिए म्हणजे एक सू आणि २० सू म्हणजे एक लीव्र. म्हणजे हातचा कधीं बारांवर, कधीं विसांवर, तर कधीं दहांवर! वडिलांचे कष्ट पाहून पास्कालनें १६४२ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, यंत्र करावयास घेतलें. हिशेबासाठीं केलेल्या यंत्रांत त्यानें बारा व वीस घरांचीं चाकेंही बसविलीं.

हातच्यासाठीं त्यानें जी योजना केली ती अशी. प्रत्येक दोन चाकांच्या मध्यें एक वजनदार तरफ असे. उजवीकडील चाक ९ कडे जाऊं लागलें कीं तें ह्या तरफेला थोडें थोडें वर उचली. ९ वर तरफ अगदीं वर असे. आणि चाक ० वर सरकतांच आधार निसटून ती आपल्याच वजनानें खालीं पडे व पडतांना शेजारच्या चाकाला एक घर पुढें ढकली. येथें हातचा घेण्याचें बळ हाताच्या ऐन वेळच्या जोरांतून येत नाहीं. तें वजनांत आधींच सांठविलेलें असतें. म्हणून ९९९९९९ मध्यें १ मिळविला तरी तरफा एकीमागून एक पडत जातात आणि पहिल्या चाकावर सर्वांचा भार येत नाहीं.

ह्या युक्तीचें मोलही द्यावें लागलें. तरफ वजनानें पडावयाची म्हणून यंत्र सपाट ठेवावें लागे; आणि चाकें उलटीं फिरवितां येत नसत, त्यामुळें वजाबाकी सरळ होत नसे. ती पास्काल नऊच्या पूरक अंकांनीं करी. ७३२ मधून २५८ वजा करावयाचे असल्यास ७३२ च्या प्रत्येक अंकाला नवांतून वजा करून २६७ घ्यावे. त्यांत २५८ मिळवावे, म्हणजे ५२५ होतात. पुन्हां प्रत्येक अंक नवांतून वजा केला कीं ४७४ हें उत्तर येतें. चाकांवर अंकांच्या दोन ओळी असत, व त्यांतील एक झांकणारी पट्टी सरकविली कीं पूरक अंक आपोआप दिसत.

आतां गुणाकार. गुणाकार म्हणजे तीच संख्या पुनः पुनः मिळविणें, हें आपण जाणतोंच. पण ३४७ ला २६ नीं गुणण्यासाठीं पास्कालच्या यंत्रांत ३, ४ आणि ७ हे अंक प्रत्येक वेळीं नव्यानें फिरवावे लागत. संख्या एकदांच मांडावी आणि मग नुसता दांडा फिरवावा, असें साधन लाइब्निट्स ह्या जर्मन पंडितानें शोधिलें. १६७३ सालीं त्यानें आपल्या यंत्राचा नमुना लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें ठेविला. त्याच्या यंत्राचा आत्मा म्हणजे पायऱ्यांचा दंडगोल. ह्या दंडगोलावर नऊ दांते असतात, पण सारख्या लांबीचे नव्हेत. पहिला सर्वांत लांब, दुसरा त्याहून आंखूड, अशी पायरी उतरत जाते. त्याच्या शेजारच्या आंसावर एक लहान दंतचक्र मागें-पुढें सरकतें. तें ३ ह्या खुणेवर ठेविलें तर दंडगोलाच्या एका फेऱ्यांत त्याला तीनच दांते भेटतात व तें तीन घरें फिरतें; ७ वर ठेविलें तर सात भेटतात. संख्या अशी एकदां मांडली कीं दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यास ती पूर्ण मिळविली जाते.

दुसरी सोय सरकत्या गाड्याची. एका भागांत मांडलेली संख्या व दुसऱ्यांत उत्तर ठेवून, त्यांपैकीं एक भाग एक घर सरकविला कीं तीच संख्या दहापट होऊन मिळूं लागते. आपण कागदावर गुणाकाराची दुसरी ओळ एक घर डावीकडे सरकवून लिहितों, तेंच हें.

परंतु येथेंही हातच्यानें दगा दिला. कांहीं प्रसंगीं हातचा मिळाल्यामुळेंच पुढच्या चाकांत आणखी एक हातचा उत्पन्न होतो. तो पुढें नेण्याची लाइब्निट्सच्या यंत्रांत पुरी सोय नव्हती. असा हातचा अडला म्हणजे यंत्रावरील पंचकोनी चकतीचा कोपरा वर डोकावे. चालविणारानें ती पाहून हातानें पुढें ढकलावी लागे. पाहावयाचें राहिलें तर उत्तर चुकलें!

ही उणीव फ्रान्समध्यें शार्ल तोमा ह्या गृहस्थानें भरून काढली. त्याच्या यंत्राला १८२० सालीं एकस्व मिळालें, आणि १८५० नंतर तें नियमित तयार होऊन कचेऱ्यांतून वापरांत आलें. दांड्याच्या एका फेऱ्याचे त्यांत दोन भाग असतात. पहिल्या भागांत सर्व अंक मिळविले जातात. जें चाक ९ ओलांडतें तें फक्त एक खटका पाडून ठेवितें. दुसऱ्या भागांत हातचे घेतले जातात, पण सर्व एकदम नव्हे; आधीं दहंचें चाक, मग शतंचें, मग सहस्रचें, असे उजवीकडून डावीकडे एकामागून एक. प्रत्येकाची पाळी थोडी उशिरां येते, म्हणून हातच्यांतून निघालेला नवा हातचाही आपल्या पाळीस हजर राहतो.

आतां ३४७ × २६ हा गुणाकार ह्या यंत्रावर करूं. ३, ४, ७ ह्या खुणांवर सरकते खुंटे लावावे आणि दांडा सहा वेळां फिरवावा. पहिल्या फेऱ्यास ३४७, दुसऱ्यास ६९४. तिसरा फेरा लक्षपूर्वक पाहावा. ६९४ मध्यें ३४७ मिळतांना एकंचें चाक ४ वरून सात घरें जाऊन १ वर येतें व खटका पाडतें. दहंचें चाक ९ वरून चार घरें जाऊन ३ वर येतें व तेंही खटका पाडतें. शतंचें ६ वरून ९ वर थांबतें. ह्या क्षणीं खिडक्यांत ९३१ असतें. मग हातच्यांची पाळी: दहंचें ३ चे ४ होतात, शतंचें चाक ९ वरून ० वर जातें, आणि जातांना तेंही खटका पाडतें, शेवटीं सहस्रचें चाक १ वर येतें. उत्तर १०४१. हा शेवटचा हातचा हरवला असता तर खिडक्यांत नुसतें ०४१ राहिलें असतें. लाइब्निट्सच्या यंत्राची अडचण नेमकी हीच होती.

सहाव्या फेऱ्यास २०८२ येतात. आतां गाडा एक घर सरकवून दांडा दोन वेळां फिरवावा: ५५५२, नंतर ९०२२. सव्वीस फेऱ्यांचें काम आठ फेऱ्यांत झालें. पुढील नमुन्यांत फेरे मोजणारीं लहान चाकेंही असत. त्यांच्या खिडक्यांत २६ दिसलें म्हणजे फेरा कमी-अधिक झाला नाहीं, अशी खात्री होई.

खुंटाच चुकीच्या खुणेवर लावला असेल तर मात्र यंत्रास तें समजत नाहीं. त्यासाठीं नवांची तपासणी हा जुना उपाय चांगला. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, म्हणजे ५. २६ ची ८. पांच आठे चाळीस, म्हणजे ४. ९०२२ च्या अंकांची बेरीज १३, म्हणजे ४. दोन्हीं जुळलीं. न जुळल्यास चूक निश्चित आहे. जुळलीं तरी अंकांची अदलाबदल ह्या तपासणींत सांपडत नाहीं, म्हणून मांडलेली संख्या खुणांवर पुन्हां एकदां वाचून पाहावी.

१९६१ पासून विजेचीं गणकयंत्रें मेजावर आलीं आणि पुढील पंधरावीस वर्षांत दांड्याचीं यंत्रें कचेऱ्यांतून गेलीं. तरी कोणाच्या घरीं जुन्या सामानांत असें एखादें यंत्र पडलें असेल आणि त्याचा दांडा मोकळेपणानें फिरत असेल, तर त्यावर ६९४ आणि ३४७ ची बेरीज करून पाहावी. फेरा सावकाश पुरा करावा, मध्येंच मागें फिरवूं नये. आणि १०४१ उमटण्यापूर्वीं हातचा एका चाकावरून दुसऱ्यावर जातांना दिसतो का, तें पाहावें.