लाल कँडल गिळली, पण नफा झाला का?

शेअरबाजाराच्या दैनिक आलेखावर प्रत्येक दिवसाची एक कँडल असते. उघडता भाव आणि बंद भाव यांच्यामधला जाड भाग म्हणजे तिचे धड. दिवसअखेर भाव वाढलेला असेल तर ते हिरवे, घटलेला असेल तर लाल. घसरण चालू असताना लाल धडाला पूर्ण झाकणारे हिरवे धड दुसऱ्या दिवशी उमटले, की त्याला ‘बुलिश एन्गल्फिंग’ म्हणतात. विकणारे थकले आणि घेणाऱ्यांनी ताबा मिळवला, असा त्याचा अर्थ लावतात.

समजा, एक शेअर काल ५०५ रुपयांना उघडून ५०० ला बंद झाला आणि आज ४९९ ला उघडून ५०७ ला बंद झाला. कालचे धड आजच्या धडात मावले. संगणकाला हे चार भाव ताडून पाहणे सोपे आहे. अवघड आहे ते ‘घसरण चालू असताना’ ही अट ठरवणे. ती पाच दिवसांची धरायची की वीस? TA-Lib या प्रसिद्ध संगणकीय संचातले `CDLENGULFING` हे फंक्शन आधीचा कल तपासतच नाही. ते काम वापरणाऱ्याने करायचे असते. ते राहिले, तर तेजीच्या मध्यावरही ‘पलटी’चे संकेत मिळत राहतात.

दुसरी चूक खरेदीच्या भावात होते. बाजार बंद होईपर्यंत संकेत पक्का नसतो, त्यामुळे खरेदी उद्याच्या सकाळी होणार. शेअर ५११ ला उघडला, तर ५०७ धरून काढलेला नफा कागदावरच राहिला.

खरी परीक्षा तुलनेत आहे. समजा, जुन्या नोंदींत २०० संकेत सापडले आणि त्यांपैकी १०८ वेळा, म्हणजे ५४ टक्के वेळा, पाच दिवसांनी भाव वर होता. पण त्याच शेअरमध्ये कोणत्याही दिवशी खरेदी केली असती तरी ५३ टक्के वेळा तो वरच असता, तर संकेताचे श्रेय एका टक्क्याचे. २०० नोंदींत निव्वळ योगायोगानेही हा आकडा ४६ ते ६० टक्क्यांमध्ये कुठेही जाऊ शकतो. त्यातच बाजार एकदम उसळतो तेव्हा बऱ्याच शेअरमध्ये एकाच दिवशी संकेत दिसतो. ते वेगवेगळे पुरावे नसतात. एकाच घटनेची ती पुनरावृत्ती असते.

मार्शल, यंग आणि रोज यांनी डाऊ जोन्स निर्देशांकातल्या शेअरचे १९९२ ते २००२ मधले दैनिक भाव अशाच कसोटीवर तपासले. २००६ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की कँडलच्या आकृत्यांवर आधारलेल्या सौद्यांतून गुंतवणूकदाराला फायदा होत नाही. आपल्याकडे तर डिलिव्हरीच्या सौद्यात खरेदीवर ०.१ आणि विक्रीवर ०.१ टक्का व्यवहार कर लागतो, दलाली वेगळी. सरासरी वाढ एवढ्या खर्चापेक्षाही कमी असेल, तर संकेत बरोबर ठरूनही खिशातून पैसे जातात.

म्हणून कोणी ‘हा संकेत ५४ टक्के वेळा खरा ठरतो’ असे सांगितले, तर संकेत नसताना किती वेळा भाव वाढतो, हे आधी विचारावे.